दांड्यापाशी कोण

मुख्तियारसिंगाने सकाळी डेअरीवर दूध घालताना एकाच मजकुराच्या दोन चिठ्ठ्या दोन शेजाऱ्यांना दिल्या, आणि घरी आल्यापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली. दोघांना एकत्र बसवून बोलायची सोयच नव्हती. नैबसिंग आणि गुरमेल सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तेव्हा चारा कापायच्या हातकुट्टीत नैब चारा सारत होता, चाक गुरमेल फिरवत होता, आणि नैबची तीन बोटं गेली होती.

आता मुख्तियारचाही खांदा चाक ओढू देत नव्हता. दोघे तयार झाले नाहीत तर सहापैकी चार म्हशी विकायच्या, असं घरात ठरलं होतं.

चिठ्ठीत त्याने लिहिलं होतं: ‘भावांनो, मोटारवाली कडबाकुट्टी छत्तीस हजारांना मिळते. तिघांनी बारा-बारा घालावेत. यंत्र माझ्या गोठ्यात राहील, विजेचं बिल जनावरांच्या संख्येप्रमाणे वाटू. कापलेला बरसीम घास ठेवला की तापतो, म्हणून रोजचा चारा रोज. पहाटे नैब, सकाळी मी, संध्याकाळी गुरमेल. पात्यांना धार आळीपाळीने लावू. एकट्याने चालवायचं नाही. बटण बंद केलं तरी चाक फिरतच राहतं, म्हणून चारा आत ओढणारे रूळ उलटे फिरवायच्या दांड्यापाशी दुसरा माणूस हवा. तुमच्या पाळीला तिथे मी उभा राहीन.’

दोघांची गाठच पडणार नाही, या हुशारीवर तो खूश होता. बायकोने, मलकीतने, ती खुशी फार टिकू दिली नाही.

“पहाट-संध्याकाळ दुसऱ्यांच्या दांड्याला लटकणार, मग आपल्या म्हशी पिळणार कोण?”

दुपार कलली तरी कुणी फिरकलं नाही. मुख्तियार तीनदा फाटकापर्यंत जाऊन आला. चौथ्यांदा नैबच आत येताना दिसला. तो खाटेवर टेकतो न टेकतो तोच गुरमेल आला आणि नैबला पाहून तसाच मागे वळला.

“थांब,” नैब मान वर न करता म्हणाला. मग मुख्तियारला म्हणाला, “सगळं कबूल. एक ओळ बदल. माझ्या पाळीला दांड्यापाशी हा.”

गुरमेलचा चेहरा उतरला. “माझ्याकडून चाक वेळेवर थांबलं नव्हतं.”

“थांबणार कसं? मी ओरडलो कुठे? रात्रभर शेताला पाणी देऊन आलो होतो, उभ्या उभ्या डोळा लागला आणि हात आत गेला. गाव तुला बोल लावत राहिलं आणि मी ऐकत राहिलो. लाज वाटत होती.”

गुरमेल मागे फिरून खाटेपाशी आला.

“पहाटे चहा पिऊन ये,” तो म्हणाला. “पेंगताना दिसलास तर दांडा ओढीन आणि घरी हाकलीन.”

मुख्तियारने पेन शोधलं, नैबची चिठ्ठी मागून घेतली, दांड्यापाशीचा ‘मी’ खोडला आणि ‘गुरमेल’ लिहिलं.