छत्तिसाचं लुगडं अठराला

उमरग्याच्या पेठेत महालिंगप्पाच्या कापडदुकानावर सूट दिल्याची पाटी लागली, तेव्हा लोक आधी हसले आणि मग वाईट बोलले. पाटीवर लिहिलं होतं : 'ओल लागलेला माल, निम्म्या भावात.' आत प्रत्येक लुगड्याच्या चिठ्ठीवर जुना भाव तांबड्या शाईनं खोडून खाली नवा भाव टाकलेला. एकच भाव सांगणारा, घासाघीस न करणारा म्हणून ज्याचं नाव, त्या माणसाच्या दुकानात असली पाटी! पेठेला चघळायला तेवढं पुरलं. म्हातारपणी याला कुठून बुद्धी सुचली, लग्नसराईत भिजका माल लोकांच्या लेकींच्या अंगावर घालतो, असं जो तो म्हणू लागला.

महालिंगप्पाला हेच हवं होतं. लोकांनी त्याला लबाड म्हणावं, पण पुढचा प्रश्न विचारू नये, एवढंच त्याचं मागणं.

तो माघ महिना होता आणि निजामाच्या राज्याची घडी पुरती विस्कटलेली होती. नाकेबंदीनं मीठ मिळत नव्हतं, रॉकेल मिळत नव्हतं, कापडाचे भाव तर दर बाजाराला चढत होते. गावात बंदूकवाल्यांची टोळी फिरायची. कोण गाव सोडतंय याचा वास त्यांना आधी लागायचा, कारण गाव सोडणाऱ्याच्या कनवटीला सगळी मिळकत एकदम सापडते. महालिंगप्पाची सून इरम्मा पोटुशी होती, तिचं माहेर सोलापूरला. माल विकून पैसा करायचा, अमावास्येच्या आधी अक्कलकोटच्या रानवाटेनं सगळ्यांनी निघून जायचं, असं घरात ठरलं होतं. ठाऊक होतं ते फक्त चौघांना : तो, बायको पार्वतम्मा, मुलगा शांतलिंग आणि इरम्मा. दुसऱ्या व्यापाऱ्याला माल द्यावा तर तो लगेच विचारणार, का विकतोस? म्हणून ही ओलीची थाप.

पार्वतम्मानं त्याला बजावलं होतं, "वरचा भाव बी खोटाच लिवा. पन्नास लिवा, साठ लिवा. म्हंजे समदे म्हनतील, फसवतोय, आन् इसरून जातील."

त्यानं मान हलवली. पण चिठ्ठ्या लिहायला बसला आणि त्याच्यानं ते झालं नाही. जुन्या चिठ्ठ्या जुन्याच राहिल्या. गेल्या महिन्यात ज्या भावानं विकलं होतं तोच आकडा वर, त्यावर तांबडी रेघ, खाली निम्मा. एवढी मोठी थाप मारायला निघालेला माणूस एका आकड्यापाशी अडला. याला प्रामाणिकपणा म्हणायचं की खोड, तुम्हीच ठरवा. मला तरी त्याचा राग येतो.

आता नागम्मा. हिला ओळखल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं लग्नाचा बस्ता बांधायला सगळं घर दुकानात जातं आणि कापड पारखायला एक जाणती बाई सोबत नेतात. उमरगा आणि आसपासच्या खेड्यांत ती बाई म्हणजे नागम्मा. विधवा, सडसडीत, जिभेनं तिखट. लग्नात कुणी नवं लुगडं नेसून आली की "केवढ्याला?" विचारायची रीतच आहे. बाकीच्या विचारतात आणि विसरतात, नागम्मा विसरत नसे. शिवाय बस्त्याचा आणखी एक रिवाज होता : जाणत्या बाईनं आपला निवाडा दुकानाच्या ओट्यावर उभं राहून मोठ्यानं सांगायचा, म्हणजे पुढं व्याह्यांत खुसपट निघत नाही.

बब्रुवान आणि कमलबाई लेकीच्या बस्त्याला तिला घेऊन आले, ते आधी बंडप्पाच्या दुकानात. महालिंगप्पाचं बघून बंडप्पानंही चिठ्ठ्या खोडल्या होत्या. इरकली लुगडं, पन्नास खोडून अडतीस.

नागम्मानं चिठ्ठी बोटांत धरून उजेडात नेली. "पन्नासला कुनाला दिलं?"

"दिलं की चार-दोन जनांस्नी."

"नावं सांगा. म्या त्यांच्या घरी जाऊन इचारते." बंडप्पा लुगड्याची घडी घालू लागला तशी ती कमलबाईकडं वळली. "ह्यो आकडा आन् ही रेघ एकाच बसकीत लिवलीया. शाई बघ, दोन्ही वल्लीच दिसत्यात. पन्नासला ह्ये लुगडं कंदीच इकलं न्हाय. आठ दिसांमागं ह्यांच्याच दुकानात शिवकांतानं अडतीसला घेतलं. म्हंजे अडतीसचं अडतीसला. सूट कसली डोंबलाची?"

ओट्यावरून तिनं हे सगळं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. पेठ हसली. बंडप्पाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

तिथून ती मंडळी महालिंगप्पाकडं निघाली. नागम्माच्या मनात राग होता. या माणसाच्या दुकानातून तिनं किती जणींचे बस्ते बांधले होते, आणि यानंही खोडाखोडीचा धंदा सुरू करावा? तिला ते आपलीच फसवणूक झाल्यासारखं लागलं होतं. बंडप्पाही मागोमाग आला. आपल्यासारखाच शेजाऱ्याचाही पंचनामा होताना बघायचं सुख त्याला सोडवेना.

गादीवर महालिंगप्पा बसला होता, शांतलिंग घड्या उलगडत होता. चिठ्ठीवर छत्तीस खोडलेलं, खाली अठरा.

"ओल लागलेला माल हाय, नागम्मा," महालिंगप्पा म्हणाला. "पारखण्यासारखं कायबी न्हाय. घ्यायचं तर घ्या, न्हायतर जाऊ द्या."

असं तो कधी बोलत नसे. नागम्मानं लुगडं दाराशी नेलं, काठ आणि पदर उजेडाला धरले, घडीची रेघ वास घेऊन पाहिली, कोपरा ओढून पाहिला. मग चिठ्ठी. छत्तीसची शाई विटून तपकिरी झालेली, टाचणीच्या भोकाभोवती गंजाचा डाग. फक्त तांबडी रेघ आणि अठराचा आकडा ताजा.

तिचा चेहरा सैल पडला. ती आठवू लागली, आणि सवयीप्रमाणं ओठ हलवत आठवू लागली. हेच वाण, हाच काठ. मागल्या माघात बलभीमच्या लेकीच्या बस्त्याला इथूनच बावीसला घेतलं. दिवाळीत तीस झालं. पौषात विठाबाईनं छत्तीसला नेलं, ते तिनं स्वतः हातात घेऊन पाहिलं होतं. सगळे भाव निजामाच्या हाली रुपयांतले, त्यामुळं इंग्रजी कलदार रुपयाचा घोळ नाही. म्हणजे छत्तीस खरा होता. आणि अठरा तर मागल्या वर्षापेक्षाही खाली.

"आप्पा," ती म्हणाली, "ह्याला ओल न्हाय."

"हाय. आतून हाय."

"न्हाय. तुमी भोळे हायसा, कुनीतरी तुमच्या डोक्यात भरवलंय." तिला भरून आलं होतं. जन्मभर ज्या माणसावर विश्वास टाकला तो तसाच निघाला, या आनंदात ती ओट्याकडं निघालीसुद्धा.

महालिंगप्पा गादीवरून उठला. गिऱ्हाइकासाठी त्याला उठताना पेठेनं कधी पाहिलं नव्हतं. "नागम्मा, हळू बोला," त्यानं हात जोडले. "माझं ऐका. बोलूच नका."

तिला वाटलं, स्तुती नको म्हणतोय. संकोची माणूस, पहिल्यापासून तसाच. शांतलिंगच्या हातातली घडी सुटून खाली पडली, तेही तिनं पाहिलं नाही.

"ऐका रं समद्यांनी," ती ओट्यावरून म्हणाली. "ह्या दुकानाला कुनी नावं ठिवायची न्हाईत. मालाला ओल न्हाय, डाग न्हाय. खोडलेला भाव खराय, इठाबाईनं पौषात त्योच दिला. आज सोलापूरहून माल आननाऱ्या शिवलिंगप्पाला इचारा, त्याचा ठोक भावच अठ्ठावीस हाय. ह्यो मानूस खरेदीच्या बी खाली इकतोय. अशी खरी सूट म्या जन्मात बघितली न्हाय."

गर्दीतून कौतुकाचा आवाज उठला. कमलबाईनं पदर सावरून आत पाऊल टाकलं. आणि बंडप्पा, जो इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता, तो सावकाश म्हणाला, "खरेदीच्या खाली? भाव चढत असताना? उद्या चाळीसला जानारं लुगडं आज अठराला कोन देतं?"

गर्दीतल्या एकाला ते कळलं, मग दुसऱ्याला. माणसं दुकानाकडं न बघता महालिंगप्पाकडं बघू लागली. नागम्मालाही कळलं, पण सगळ्यांच्या नंतर. भाव तिला सगळे ठाऊक होते. तो भाव का ठेवला असेल, हे तिनं कधी विचारलं नव्हतं, विचारायची गरजच पडली नव्हती.

ती आत वळली. "आप्पा, मला काय म्हाईत," एवढंच तिला म्हणता आलं.

"बस्ता बांधा," महालिंगप्पा शांतलिंगला म्हणाला. त्याचा आवाज अगदी नेहमीचा होता.

दुपारपर्यंत दुकान रिकामं झालं. सूट खरी आहे म्हटल्यावर लोक तुटून पडले, उधारीवरचेही रोख घेऊन आले. महालिंगप्पाला जेवढा पैसा आठ दिवसांत व्हायला हवा होता तेवढा एका दिवसात झाला. त्यानं थांबायचं नाही असं ठरवलं. उन्हं कलायच्या आत गाडी जुंपली, इरम्माला पेंढ्यावर निजवलं आणि वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या.

गावाच्या कडेच्या ओढ्यापाशी टोळी उभीच होती. कुणी सांगितलं हे शोधायची गरज नाही, ओट्यावरून सगळ्या पेठेनं ऐकलं होतं. पैशाची थैली त्यांनी पहिल्याच दमात काढून घेतली. तेवढ्यावर भागलं असतं. पण एकानं कडब्यात भाला खुपसायला उचलला, तेव्हा आत इरम्मा आहे म्हणून शांतलिंगनं तो धरला. त्यांनी शांतलिंगला ओढ्याच्या पलीकडं नेलं. इरम्मानं कडब्याखालून गोळीचा आवाज ऐकला.

शांतलिंगच्या बाराव्यानंतर नागम्मा त्यांच्याकडं गेली. बाकी कुणी जात नव्हतं, भीतीनं म्हणा, घरात आणलेल्या लुगड्यांच्या लाजेनं म्हणा. महालिंगप्पा रिकाम्या दुकानात गादीवर बसला होता. मागं फळ्या मोकळ्या. नागम्मा उंबऱ्याशीच बसली.

"चिठ्ठीवर पन्नास का लिवलं न्हाय?" ती म्हणाली. रडत नव्हती, रागावली होती. "साठ लिवायचं. म्या तुमाला बी लबाड म्हनलं असतं, बंडप्पावानी. शिव्या दिल्या असत्या आन् गेले असते घरी."

"पार्वतीनं सांगितलं हुतं," महालिंगप्पा म्हणाला. "लिवायला बी बसलो हुतो." त्यानं गादीवरची सुरकुती सारखी केली. "मग वाटलं, नागम्मा येईल. तिला खोटा आकडा कसा दाखवू?"