कोरडा रगडा

भाग्यलक्ष्मीच्या इडल्या इतक्या हलक्या असत की ताटावर झाकण ठेवायला विसरलं तर पंख्याच्या वाऱ्याने त्या खिडकीतून निघून थेट पेडण्याच्या वाटेला लागत. एकदा तर एक इडली म्हणे हळर्णीच्या जुन्या किल्ल्यावर सापडली, तीही गरम. आता इडलीचं हे असं. पण बाकीचं जे सांगतोय ते अगदी तसंच घडलं.

डिचोलीचा बाजार सोडून थोडं आत गेलं की ज्या रस्त्याने खाणीच्या मातीचे ट्रक जातात, त्या रस्त्याला लागून तिचं घर. मागच्या पडवीत काळ्या दगडाचा रगडा जमिनीत बसवलेला. त्याच्यावर वाटलेलं पीठ, आणि त्या पिठावर भाग्यलक्ष्मीची सगळी ऐट. हळदीकुंकवाला गेली तरी विषय तिथेच यायचा.

मुलाचं, प्रज्योतचं, लग्न झालं तेव्हा सुनेने माहेरून मिक्सर आणला. भाग्यलक्ष्मीने चार बायकांच्या देखत तो उघडून बघितला आणि म्हणाली, "तेजू, हेच्यात पीठ तापता गो. तापल्या पिठाची इडली म्हणजे वीट. आमच्या घरात हेका जागा ना." बायका हसल्या. तेजस्विनीही हसली, पण कान लाल झाले होते. मिक्सर खोक्यासकट माळ्यावर गेला.

पुढच्याच वर्षी भाग्यलक्ष्मीचा उजवा खांदा धरला. हात वर होईना, रगड्याचा गोटा फिरेना. मुलाला सांगितलं असतं तर संपलं होतं. पण सांगायचं म्हणजे त्या चार बायकांपर्यंत जाणार. मग एका दुपारी सून कामावर गेल्यावर तिने स्टुलावर चढून डाव्या हाताने मिक्सर खाली उतरवला.

आवाजाचं काय करायचं? तर ट्रक होतेच. ट्रक आला की बटण दाबायचं, ट्रक गेला की बंद. लोकांना वाटायचं धूळ खाऊन म्हातारी वैतागली असेल, आणि ही बसलेली ट्रकाची वाट बघत. गंमत बघा, थोडं थोडं आणि थांबून थांबून फिरवल्याने भांडं तापायचंच नाही. त्यात फ्रिजमधला बर्फ घालायची. आधी उडीद, हाताला लोण्यासारखे लागेपर्यंत; मग उकडे तांदूळ, बारीक रव्याएवढे. रात्रभरात पीठ टोपाच्या काठाला यायचं. इडली पहिल्यासारखी नाही, पण सांगितल्याशिवाय कळायची नाही.

आणि मिक्सर खोक्यात गेला की ती पडवीत बसायची नि डाव्या हाताने रगडा फिरवायची. रिकामा. शेजारी ऐकू जायला हवा ना! तांदूळ घातले तर धुवायचा कोणी? म्हणून घर्र, घर्र, दगडावर दगड.

शेजारची हर्षा एकदा कुंपणावरून म्हणालीसुद्धा, "भाग्या, तुजो रगडो अलीकडे सुको वाजता गो."

"तुझे कान सुके झाले," भाग्यलक्ष्मी म्हणाली. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

हर्षा बायकांच्या गटाची प्रमुख. डिचोलीच्या मैदानावर खाण्यापिण्याचा मेळा भरणार होता आणि गटाच्या फलकावर तिने मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं, 'भाग्यलक्ष्मीची रगड्यावरची इडली'. मेळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती तीन बायकांना घेऊन सरळ पडवीत आली. हातात मोबाईल.

"तू वाटताना व्हिडिओ काढूया. उडीद भिजलेले आसातच."

भाग्यलक्ष्मीने मिक्सरवर कशीबशी चादर टाकली. भिजलेले उडीद समोरच होते; नाही म्हणायला तोंड नव्हतं. तिने रगड्यात तांब्याभर पाणी ओतून फिरवलं, उडीद घातले आणि दात खाऊन गोटा धरला. खांद्यातून कळ गेली.

गोटा फिरला, पण उडीद दळेनात. दाणे इकडून तिकडे घसरत राहिले. वर्षभर कोरडा घासून दगडाची टाकी, छिन्नीने पाडलेले खाचे, झिजून गेली होती. आत हात लावला तर काचेसारखा गुळगुळीत. ती जोर करत राहिली. घाम कपाळावरून डोळ्यांत आला. बऱ्याच वेळाने जे जमलं ते फुगलेलं, पांढरं नव्हतं, राखाडी होतं. हर्षाने चिमूट घेऊन वाटीतल्या पाण्यात टाकली. वाटलेला उडीद तरंगायला हवा. तो दगडासारखा तळाला गेला. तिने बोटांत चोळून बघितला.

"गो, हें कितें? रेंव?"

भाग्यलक्ष्मीने बोट जिभेला लावलं. दाताखाली वाळूसारखं करकर वाजलं. तिचाच दगड तिच्या तोंडात आला होता. मोबाईल अजून चालूच होता. तिला वाटलं, पडवी फाटावी आणि रगड्यासकट आपण खाली जावं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "आई, पहिलं वाटण टाकून द्यायचं असतं ना! तुम्ही विसरलात."

तेजस्विनी कामावरून लवकर आली होती. पर्स खांद्यालाच. "हर्षाकाकी, रगड्याला नवी टाकी लावून घेतली परवा. दगडाची पूड निघतेच. उद्याचं पीठ तयार होईल, काळजी करू नका."

"मगे सांगूचा नाय!" हर्षा म्हणाली. "माका वाटला, भाग्या म्हातारी झाली." बायका हसत, चहा पिऊन गेल्या.

पडवीत दोघीच राहिल्या. शिव्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं. तेजस्विनी राखाडी पीठ काढून माडाच्या मुळाशी टाकत होती.

"तेजू, तू खोटं बोललंस."

"हो."

"तुका केव्हापासून माहीत?"

तेजस्विनीने हात धुतले. "आई, या घरात सरबत कोणी पीत नाही. बर्फाचा ट्रे रोज रिकामा कसा व्हायचा? मी सकाळी भरून ठेवून जायचे. मिक्सरमध्ये पीठ तापतं, तुम्हीच म्हणाला होतात."

भाग्यलक्ष्मीला तो ट्रे आठवला. रोज भरलेला. तिने कधी विचारही केला नव्हता की पाणी आपोआप ट्रेमध्ये जात नाही. चार बायकांसमोरचे ते लाल कान तिला आज दिसले, आणि तिने पदर तोंडावर घेतला.

"खांद्याचं तरी सांगायचं होतं," तेजस्विनी म्हणाली.

भाग्यलक्ष्मी उठली. चादर ओढून काढली, मिक्सर उचलला आणि पुढच्या व्हरांड्यात आणून ठेवला, रस्त्यावरून दिसेल असा. आतून वायर ओढून घेतली. उरलेले उडीद, बर्फ. रस्त्यावर ट्रक नव्हता. तिने वाटही बघितली नाही. बटण दाबलं.

कुंपणावर हर्षाचं डोकं आलं. "भाग्या! तुज्या घरात मिक्सर?"

भाग्यलक्ष्मीने मान वर केली नाही. भांड्याला हात लावून गार आहे ना ते बघितलं आणि बटण बंद केलं, म्हणजे बोललेलं ऐकू जावं.

"माझ्या सुनेचो," ती म्हणाली. "वरीसभर तू हेच्याच इडल्यो खाल्ल्यंस. टाकी-बिकी काय लावूक ना. फलकावरचा रगडो पूस, आणि नाव लिहायचं तर तिचं लिही."

आतल्या दारात तेजस्विनी उभी होती. भाग्यलक्ष्मीने तिच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. नुसता बर्फाचा रिकामा ट्रे मागे धरला.

तेजस्विनीने तो घेतला आणि भरायला आत गेली.