डबा उघडल्यावर पहिलं कोण बोललं?

ताईचे केक खाऊन लोक तोंडभर कौतुक करतात. पण तेच कौतुक दोन ओळींत लिहा म्हटलं की सगळ्यांना अचानक कामं आठवतात.

आणि आम्हाला त्या दोन ओळींची भयंकर गरज होती. कोपऱ्यावरच्या कॅफेवाल्या बाई केक चाखून म्हणाल्या होत्या, "आवडला मला. पण रोज माझ्या काउंटरवर ठेवायचा, तर तुमची गिऱ्हाइकं काय म्हणतात ते आधी बघते. शुक्रवारी नेटवर तुमचं पान उघडीन." पानावर रिव्ह्यू होते तीन, त्यातला एक माझा! विमा कंपनीतली नोकरी सोडून ताईने घरच्या ओव्हनवर धंदा मांडला होता. ही रोजची ऑर्डर मिळाली नाही, तर मुकाट्याने परत नोकरीवर जायचं, असं तिचं ठरलं होतं.

"मेसेज मी लिहिते," मी म्हटलं. धाकटी असले तरी मोबाईलच्या बाबतीत घरात माझाच शब्द शेवटचा.

ज्यांनी आपणहून तारीफ केली होती, त्यांनाच निवडलं. प्रत्येकाला नावानिशी, वेगळा मेसेज. रिव्ह्यूचं पान थेट उघडेल अशी लिंक दिली. आणि वर माझी अक्कल: 'लिहायला वेळ नसेल तर हेच चिकटवा: केक अतिशय मऊ, ताजा आणि वेळेवर मिळाला. नक्की घ्या.'

अर्ध्या तासात मोबाईल वाजायला लागला तो थांबेचना! मी स्वयंपाकघरात नाचत होते. क्रीमने बरबटलेले हात वर धरून ताई ओरडत होती, "वाच ना, वाच ना!"

वाचलं. केक अतिशय मऊ, ताजा आणि वेळेवर मिळाला. त्याखाली, केक अतिशय मऊ, ताजा आणि वेळेवर मिळाला. दातांच्या डॉक्टरांनी तर नुसता ब्रेड नेला होता, तरी त्यांचाही केक मऊ. शिंपीकाका स्वतः येऊन डबा घेऊन गेले होते, त्यांनाही तो वेळेवर मिळाला.

"अगं, हे सगळं तूच लिहिलंयस असं वाटेल कुणालाही," ताई म्हणाली. "गिऱ्हाइकाला विचारायचं सोडून पढवतेस काय?"

मला रडूच फुटलं. ताईने हात धुतले, मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "नीट विचार आता. सोपं, पण त्यांचं त्यांना सांगता येईल असं."

मग मेसेज असा गेला: 'काका, चूक माझी. माझं वाक्य तुमच्या तोंडी घातलं. तोच रिव्ह्यू उघडून बदलाल का? एवढंच सांगा, डबा उघडल्यावर घरात पहिलं कोण काय बोललं? एक ओळ पुरे. काही आवडलं नसेल तर तेही लिहा.'

गुरुवारी दुपारपासून पान बदलायला लागलं. डॉक्टर: 'केक नव्हे, ब्रेड होता. सुरी आणेपर्यंत मुलाने टोक मोडून पळवलं.' शिंपीकाका: 'बायको म्हणाली, ती तुकड्यांची पुडी आधी इकडे द्या.' गाडी शिकवणाऱ्या बाई: 'पहिलं भांडण पुडीवरून. केकवरची फुलं जरा जास्त गोड.'

केक सपाट करायला त्याचा वरचा फुगवटा कापावा लागतो. ते तुकडे फेकवत नाहीत, म्हणून ताई उरलेलं क्रीम लावून डब्याबरोबर फुकट देते. केक नेलेला जो तो त्या पुडीबद्दलच लिहीत होता!

"तासन् तास मान मोडून फुलं काढते मी," ताईचं नाक लाल झालं, "आणि यांना कचरा आवडतो?" मी हसून हसून लोळायची बाकी राहिले.

शुक्रवारी कॅफेवाल्या बाईंचा फोन आला. ताईने तो स्पीकरवर टाकला आणि माझा दंड घट्ट धरला.

"सगळे रिव्ह्यू वाचले. मजा आली," बाई म्हणाल्या. "केक राहू दे. त्या तुकड्यांच्या पुड्या रोज देऊ शकाल? काउंटरवर, कॉफीबरोबर."

ताई एकदम म्हणाली, "देईन. पण फुकट नाही हं!"

"अहो, फुकट कशाला? सोमवारपासून सुरू करू."

फोन ठेवला आणि आम्ही एकमेकींना मिठी मारून उड्या मारल्या. मग ताई थबकली. "पण रोज एवढे तुकडे आणायचे कुठून?"

"केक कर आणि काप," मी म्हटलं.

तिने लगेच एक करून बघितला. छान फुगलेला, कुठेही न तडकलेला. एरवी अशा केकला बोट लावलं तरी ती माझ्या अंगावर धावून येते. आज तिने सुरी उचलली आणि अख्खा केक खुशीत कापत सुटली.