‘हॉल’मधले सगळे दिवे

शोरूमच्या पहिल्या मजल्यावर, अगदी मागच्या अंगाला, एक बिनखिडकीची खोली होती. तिच्यात तो रोज दहा तास उभा असे. भिंतीवर पंच्याहत्तर इंची टीव्ही, खाली डब्यासारखा गोल स्पीकर, छतात सहा दिवे आणि गिऱ्हाइकांसाठी एक सोफा. स्पीकरला नावाने हाक मारून ‘सिनेमा सुरू’ म्हटलं की टीव्हीवर चित्र लागायचं आणि सहाही दिवे सावकाश मंदावत दहा टक्क्यांवर यायचे. ‘सिनेमा बंद’ म्हटलं की पुन्हा लख्ख. तीन-चार मिनिटांचा खेळ, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. बाकीचे सेल्समन त्याला काळोखराव म्हणत. खालच्या मजल्यावर, काचेशेजारी, मिक्सर विकायला मिळावेत म्हणून त्याने दोनदा अर्ज केला होता. मॅनेजरने दोन्ही वेळा सांगितलं की हे सगळं तुझ्या फोनवर आहे, तू गेलास तर खोलीला कुलूप लावायचं का?

ते खरं होतं. उद्घाटनाच्या दिवशी दुकानाचं खातं तयार नव्हतं. पाहुणे जिन्यात येऊन ठेपले होते, म्हणून त्याने टीव्ही, स्पीकर आणि दिवे तात्पुरते स्वतःच्या खात्याला जोडले. तात्पुरत्याला आता दीड वर्ष झालं होतं.

घरी तो आणि बाबा, दोघंच. बाबा घड्याळं दुरुस्त करत. दुकान गेलं, तरी हॉलच्या कोपऱ्यात टेबल होतं, आणि जुनी गिऱ्हाइकं संध्याकाळची पत्ता शोधत येत. एका डोळ्याला भिंग लावून बाबा केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवत, आणि तेवढा वेळ त्यांना कुणी काही विचारू शकत नसे. हॉलची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती, भरदुपारीही दिवा लागायचा. म्हणून चार महिन्यांपूर्वी त्याने शोरूममधल्याच जातीचा एक चांगला दिवा आणून टेबलावर लावला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबांचे डोळे जायला लागले. जायचे आणि यायचे. काम करता करता समोरचं सगळं विझत जातं, बाबा म्हणत, आणि काही मिनिटांनी परत येतं. सोमवारी शोरूम बंद असे, म्हणून तो त्यांना सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत, असं डॉक्टर म्हणाले आणि थेंब लिहून दिले. सोमवारी बाबांना कधीच त्रास होत नसे. संध्याकाळी तो घरी आल्यावरही नाही. एकटे असले की मन खेळ करतं, असा अर्थ त्याने काढला आणि तसं बोलूनही दाखवलं. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाची स्प्रिंग त्यांच्या हातून मोडली. चौथ्या दिवशी त्यांनी जुनी हत्यारं घेणाऱ्या एका माणसाला बोलावणं धाडलं. बुधवारी चार वाजता या, म्हणून.

बुधवारी चार वाजता त्या खोलीत एक बिल्डर सोफ्यावर बसला होता. अठ्ठेचाळीस फ्लॅट, प्रत्येकाच्या दिवाणखान्यात ही अशी सोय. मॅनेजर स्वतः हजर होता. तेवढ्यात बाबांचा फोन आला. एरवी त्याने तो कापला असता, पण आज काय आहे ते त्याला माहीत होतं. मॅनेजरने कपाळाला आठ्या घातल्या आणि बोटाने खूण केली, चालू ठेव.

“तो माणूस आलाय,” बाबा म्हणाले. “चिमट्यांची पेटी कुठे ठेवलीस?”

पेटी कपाटाच्या वरच्या खणात असल्याचं त्याने हळूच सांगितलं. मग फोन कानाला तसाच धरून स्पीकरला हाक मारली आणि म्हणाला, “सिनेमा सुरू.” टीव्ही लागला, छतातले दिवे उतरू लागले.

“थांब,” बाबा म्हणाले. “गेलं बघ पुन्हा. आता पेटी त्यांनाच शोधू दे.”

आणि मागून त्या परक्या माणसाचा आवाज आला, अगदी सहज: “काका, डोळ्यांचं काय घेऊन बसलात? दिवाच मंद झालाय तुमचा.”

चार महिन्यांत दिवसाउजेडी त्या टेबलापाशी पहिल्यांदाच दुसरं कुणी उभं होतं.

त्याला आता आठवलं. दिवा जोडताना ॲपने विचारलं होतं, कोणती खोली? आधी केलेल्या खोल्यांच्या यादीत त्याला ‘हॉल’ दिसला होता. बाबांचं टेबल हॉलमध्येच होतं, म्हणून त्याने बोट टेकवलं होतं. पण यादीतला ‘हॉल’ म्हणजे शोरूममधली ही खोली; उद्घाटनाच्या घाईत त्यानेच तिला ते नाव दिलं होतं. आणि हुकूम होता ‘हॉल’मधल्या सगळ्या दिव्यांना. कोणता दिवा कुठल्या छताला आहे, त्याच्याशी ॲपला काय देणंघेणं?

“सिनेमा बंद,” तो म्हणाला.

“आला,” बाबा म्हणाले.

“सिनेमा सुरू.”

“गेला. काय बोलतोयस तू मधेमधे?”

मग त्याने सांगितलं. मॅनेजरसमोर, बिल्डरसमोर, काहीही न वगळता. मग बाबांनी विचारलं की त्या यंत्राला माझं ऐकू येईल का. त्याने फोनचा आवाज मोठा केला आणि तो स्पीकरजवळ धरला. स्पीकरचं नाव काय, ते बाबांना आधी शिकवावं लागलं. बाबांनी त्या नावाने हाक मारली, एखाद्या नव्या जावयाला मारावी तशी, जपून, आणि म्हणाले, “सिनेमा बंद.” दोन्हीकडे उजेड झाला. “सिनेमा सुरू.” दोन्हीकडे काळोख. असं त्यांनी चारदा केलं आणि शेवटी उजेड ठेवला. त्यांना कुणी अडवलं नाही.

“चार महिने मी थेंब घालतोय डोळ्यांत,” बाबा शेवटी म्हणाले. मग त्या माणसाला म्हणाले, “माफ करा हं, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला.” आणि फोन ठेवला.

त्याने तिथल्या तिथे बाबांचा दिवा ‘हॉल’मधून काढला. जेमतेम दहा सेकंद लागले.

मॅनेजर त्याच्याकडे बघत नव्हता. बोलला तो बिल्डर. “म्हणजे आमच्याकडे वरच्याने सिनेमा लावला की खालच्याने अंधारात जेवायचं?” तसं होणार नाही, त्याने समजावलं. प्रत्येक फ्लॅटचं खातं वेगळं करायचं, दिव्यांना नावंही वेगळी द्यायची. एका खात्यात शोरूम आणि घर मिसळलं, ती माझी चूक. बिल्डर हसला. ऑर्डर देतो, म्हणाला, पण अठ्ठेचाळीस फ्लॅट जोडायला हाच माणूस हवा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मॅनेजरने लगेच त्याच्या वतीने मान डोलावली आणि मिक्सरचा विषय तिथेच मिटला.

सोमवारी तो घरी होता. बाबा सकाळपासून टेबलाशी बसले होते, भिंग लावून. गिऱ्हाइकाच्या त्याच घड्याळात नवी स्प्रिंग घालायची होती. दिवा स्थिर होता. तो पेपर वाचत होता. काही वेळाने त्याच्या ध्यानात आलं की बाबांचा हात थांबला आहे. चिमटा घड्याळावरून उचलून त्यांनी बाजूला धरला होता आणि ते नुसते बसून होते.

“काय झालं, बाबा?”

“काही नाही. दिवा जायची वेळ झाली.”

“आता नाही जायचा तो. काढलाय मी त्यातून. आणि आज तर सोमवार.”

“माहीत आहे मला,” बाबा म्हणाले.

तीन-चार मिनिटं त्यांनी हात तसाच अधांतरी धरून ठेवला. मग चिमटा पुन्हा खाली नेला.