बारा टक्क्यांची गाडी

शिवलीलानं सदतीस हजार रुपये भाकरी बांधायच्या कापडात गुंडाळून आणले होते. शोरूमच्या काचेच्या दारातून आत शिरताना तिनं ते पोटाशी धरले होते. तिचा भाऊ गुरुशांत फायनान्सच्या टेबलावर बसायचा. इथं दीड वर्षापूर्वी त्यानंच तिला स्कूटर दिली होती. दिली म्हणजे कर्जावर गळ्यात बांधली.

"अक्का, तू? हप्ता तर गेला की पाच तारखेला."

"हप्ता भरायला न्हाय आले. कर्जच मिटवायचंय. आज."

शुक्रवार पेठेत वसतिगृहाच्या समोर एक गाळा रिकामा होत होता. शिवलीला घरी कडक भाकऱ्या करायची, स्कूटरवर पिशव्या लादून सात हॉटेलं आणि दोन वसतिगृहं फिरायची. पहाटे चारला तव्यावर, दुपारी उन्हात. गाळा मिळाला तर माणसं तिच्याकडं येणार होती, ती माणसांकडं नाही. गाळ्याच्या अनामतीला पतसंस्था एक लाख द्यायला तयार होती. अट एकच, आधीचं गाडीचं कर्ज मिटल्याची चिठ्ठी आणायची. गाळेवाला उद्या सकाळपर्यंतच थांबणार होता. त्याच्याकडं दुसरं गिऱ्हाईक रोख घेऊन बसलेलं होतं.

तिचा हिशेब साधा होता, आणि तो गुरूनंच शिकवलेला. कर्ज बहात्तर हजार, महिने छत्तीस. महिन्याला दोन हजार मुद्दल, बारा टक्क्यांनी सातशे वीस व्याज, हप्ता दोन हजार सातशे वीस. ही चिठ्ठी गुरूच्या अक्षरात तिच्या मिठाच्या डब्यामागं दीड वर्ष चिकटवलेली होती. अठरा हप्ते गेले, म्हणजे छत्तीस हजार मुद्दल फिटलं, छत्तीस हजार राहिलं. वर हजार किरकोळ खर्चाला.

गुरुशांतनं कंपनीला आकडा विचारला. कागद प्रिंटरमधून बाहेर आला. त्यानं तो उलटा ठेवला.

"दाव की."

"अक्का, चहा सांगू?"

तिनं स्वतःच कागद पालटला. शिल्लक मुद्दल एकेचाळीस हजार सहाशे अठ्ठावीस. मुदतीआधी बंद करण्याचा आकार आणि त्यावर जीएसटी, एक हजार नऊशे पासष्ट. एकूण त्रेचाळीस हजार पाचशे त्र्याण्णव.

"हे कुणाचं हाय?"

"तुझंच."

"अठ्ठेचाळीस हजार नऊशे साठ भरलेत मी. एक हप्ता चुकला न्हाय. आणि मुद्दल फिटलं किती?"

"तीस हजार तीनशे बहात्तर."

"छत्तीस व्हायला पाहिजे होते! तू लिहून दिलंयस, तुझ्या हातानं."

"ते समजावून सांगायला लिहिलं होतं गं. कंपनीचा हिशेब घटत्या शिल्लकीवर असतो. सुरुवातीला व्याज जास्त, मुद्दल कमी."

"घटत्या शिल्लकीवर किती टक्के?"

गुरुशांत टेबलावरच्या गणपतीकडं बघत बसला.

"किती, विचारलं मी."

"एकवीस पूर्णांक दोन."

"बारा कुटं गेले?"

बारा कुठं गेले नव्हते. बारा विकायला होते, एकवीस वसूल करायला. कर्ज देताना एक भाषा, मिटवताना दुसरी, आणि दोन्ही त्याच टेबलावर, त्याच तोंडानं. कुणी चोरी म्हणत नाही याला, कारण तिची सही आहे.

सही आठवली तिला. त्या दिवशी चुलीवर वाफेला डाळ ठेवून आली होती, घाईत होती. गुरू पानं उलटत गेला, "हितं सही, हितं, आणि हितं." मधे एक पान मराठीत होतं. त्यावर वार्षिक खर्चाचा दर छापलेला होता, २३.४५ टक्के, कारण प्रक्रिया शुल्काचे दोन हजार एकशे साठ आधीच कापून घेतलेले. कायद्यानं ते पान द्यावं लागतं म्हणून दिलं. वाचू द्यावं लागतं असं कुणी म्हटलं नव्हतं. सख्ख्या भावासमोर बसून कागद कोण वाचतं?

"गाडी घेताना पतसंस्थेच्या चनबसप्पाकाकांनी पंधरा टक्के सांगितले होते," ती म्हणाली. "मी तुला विचारलं होतं, गुरू. तू काय म्हणालास?"

गुरुशांतनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"म्हणालास, अक्का, पंधरापेक्षा बारा कमी न्हाईत का? शाळेत गेलीस की न्हाय? सगळे हसले होते. मी पण."

"काकांचे पंधरा घटत्यावर होते. हप्ता चोवीसशे शहाण्णव आला असता. आमचे बारा पूर्ण रकमेवर, शेवटपर्यंत."

"शेवटपर्यंत म्हंजे?"

"म्हंजे... तू फेडत जातीस, तरी व्याज बहात्तर हजारांचंच धरायचं. छत्तिसाव्या महिन्यात पण."

शिवलीला कापडाची गाठ बोटानं चाचपत राहिली. मग सावकाश म्हणाली, "समज, शेजारणीकडनं मी शंभर भाकरींचं पीठ आणलं. रोज थोडं परत देते. शेवटी दोन भाकरींचं राहिलं, तरी ती शंभराचंच भाडं मागतीय. तिला आम्ही गल्लीत काय म्हणतो ठावं हाय? आणि शेवटच्या महिन्यात माझ्याकडं तुमचे दोनच हजार, त्यावर सातशे वीस. शेकड्याला छत्तीस, एका महिन्यात. असल्या माणसाला गल्लीत दगड घालतात."

"हळू बोल की. मॅनेजर बघूलालाय."

"तुला किती मिळाले माझ्या फाईलचे?"

"अक्का..."

"किती?"

"चौदाशे."

चौदाशे. राखीपौर्णिमेला त्यानं तिला साडी आणली होती. ती कुठल्या पैशाची ते आता कळलं.

तिच्याकडं घरी ज्वारी घ्यायला ठेवलेले सहा हजार होते. ते मोडले तर उद्याची भाकरी नव्हती, सात हॉटेलं दुसरीकडं वळली असती. आणि तरी पाचेकशे कमीच पडले असते.

"तू दे," ती म्हणाली. "सहा हजार सहाशे. गाळा चालू झाला की पहिले तुझे."

"महिनाअखेर हाय गं. माझ्याच मोबाईलचा हप्ता थकलाय." मग एकाएकी त्याचा चेहरा उजळला. हात सवयीनं ड्रॉवरकडं गेला. "थांब, सात हजार वैयक्तिक कर्ज होतंय की! दहा मिनिटांत, फोनवरच. व्याज फक्त महिन्याला दीड टक्का..."

बोलता बोलता त्यालाच ऐकू आलं. हात ड्रॉवरमध्येच राहिला.

"पूर्ण रकमेवर का घटत्यावर?" शिवलीलानं विचारलं.

त्यानं ड्रॉवर सरकवून बंद केला.

ती उठली. कापड कमरेला खोचलं. चनबसप्पाकाकांना तिथूनच फोन लावला. "काका, चिठ्ठी न्हाय मिळत. सहा हजार पाचशे त्र्याण्णव कमी पडतात." पलीकडून काका बराच वेळ बोलले. नियम, समिती, तिची बैठक थेट शनिवारी. "व्हय काका," ती म्हणाली, "व्हय." गाळा गेला.

तेवढ्यात दारातून सांगोल्याकडचा एक माणूस बायकोला घेऊन आला. पायात धूळ, हातात नारळ आणि झेंडूचा हार. लाल गाडीच्या सीटवरून त्याच्या बायकोनं हळूच हात फिरवला. माणूस टेबलाशी येऊन उभा राहिला.

"साहेब, हप्त्यावर घेतली तर व्याज किती म्हणायचं?"

गुरुशांतनं मान वर केली. बहीण दाराशी उभी होती, हात काचेवर. नुसती बघत होती. मॅनेजरही बघत होता.

"बसा की दादा," गुरुशांत म्हणाला. "बारा टक्के."

माणूस बायकोकडं वळून हसला. "बघ, भिशीपरीस स्वस्त."

शिवलीला परत फिरली, टेबलापर्यंत आली. "दादा, घटत्यावर किती ते विचारा. कागदावर छापलंय, ते पान आधी मागा."

माणसानं तिच्याकडं पाहिलं. पिठानं पांढरे झालेले हात, कमरेला गाठोडं. मग गुरुशांतकडं.

"कोण हाय ही बाई?"

गुरुशांत कागद जुळवत होता.

"जुनं गिऱ्हाईक हाय," तो म्हणाला. "हप्त्याची कुरकुर. तुम्ही हितं सही करा."

बाहेर स्कूटर उन्हात तापली होती. आणखी अठरा हप्ते. तिनं किक मारली. संध्याकाळच्या ऑर्डरी अजून पोचायच्या होत्या.