बघू या, सर

स्वयंपाकघरातलं वॉशिंग मशीन टींटीं करून थांबलं. ओट्याला टेकून ती पुटपुटत भाषण जुळवत होती.

"सकाळपासून भिंतीशी बोलतेयस," नवरा लेकीचा डबा भरत म्हणाला.

"भिंत बरी. तोंड तरी वाकडं करत नाही."

आजचं भाषण म्हणजे नुसता उपचार नव्हता. हिशेब विभागाची प्रमुख होऊन तिला जेमतेम तीन महिने झाले होते. दोघं सोडून गेले होते, त्यांच्या जागा रिकाम्याच होत्या, आणि वर्षअखेर तोंडावर आली होती. त्यात मास्तरांच्या हातात दुसरीकडची नोकरी होती. मास्तर म्हणजे तिचे सगळ्यात जुने अकाउंटंट. ते गेले तर वर्षाच्या हिशेबाची पुस्तकं बंद होणं मुश्कील. "तुमचं बोलणं ऐकतो, मग ठरवतो," एवढंच ते काल म्हणाले होते.

लेकीचे मोजे उलटे घातले गेले होते. तिने खाली बसून ते सुलटे केले, छोट्याशा टाचेवर ओठ टेकवले आणि निघाली.

मीटिंगच्या खोलीत खुर्च्या होत्या, माणसं होती, पण वर कुणी बघत नव्हतं. कराचं काम बघणाऱ्या ताई मोबाइल चाळत होत्या. दुसऱ्या शाखेतून आजच आलेल्या बाई बॅग मांडीवर घेऊन कडेला बसल्या होत्या.

"आधी आपल्या नव्या सहकारी बाईंचं स्वागत," ती म्हणाली.

"या, या. चांगला मुहूर्त शोधलात," ताई म्हणाल्या. कुणीतरी फिस्कन हसलं. नव्या बाईंनी बॅग आणखी जवळ ओढली.

"मला माहितीये, तुम्ही सगळे दमलाय—"

"मागच्या वर्षीपण माहीत होतं, मॅडम," मास्तर पेनाचं टोपण काढत म्हणाले. "तेव्हाच्या साहेबांनाही. पुस्तकं बंद केली, मग सेल्सवाले मागच्या तारखेची बिलं घेऊन आले, परत उघडली. मालाची मोजणी पुन्हा. चार रविवार गेले. आणि ऑडिटरनी गेटवरची माल सुटल्याची नोंद काढून आमचीच खरडपट्टी काढली."

तिने भाषणाचा कागद बाजूला ठेवला. हेच तर सांगायचं होतं.

"यंदा तसं होणार नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत जो माल गेटबाहेर पडेल, तेवढीच यंदाची विक्री. नंतरचं पुढच्या वर्षात. सहा वाजले की मी सिस्टिमला कुलूप लावणार, आणि ते कुणासाठीही उघडणार नाही. तुमचे रविवार तुमचे."

ताईंनी मोबाइल पालथा ठेवला. मास्तरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं.

तेवढ्यात दार उघडून सेल्सचे साहेब आत आले. तिला पदावर कायम करण्याचा कागद वरिष्ठांकडे होता, आणि वरिष्ठ त्यांचं ऐकत.

"वा! जोरात चाललंय! चालू द्या. एकच बारीकसं काम. मोठ्या गिऱ्हाइकाचा ट्रक दोन दिवस उशिरा निघेल, पण बिल तेवढं यंदाच्या तारखेला पाडून ठेवा. आपल्याच घरातली गोष्ट. काय मॅडम?"

सगळ्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. नाही, असं म्हणायला तोंड उघडलं होतं तिने.

"बघू या, सर," ती म्हणाली.

"शाब्बास!" म्हणत साहेब निघून गेले.

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. "संपलं का, मॅडम, भाषण?"

"मास्तर, मी 'बघू या' म्हटलंय. 'हो' नाही म्हटलं."

"आम्हाला ऐकायला येतं," ताई उठत म्हणाल्या. "चला बाई, तुमची खुर्ची दाखवते. रविवारी कुठे बसायचं तेही दाखवते."

जागेवर येऊन तिने लगेच साहेबांना मेल लिहिला. माल बाहेर पडल्याशिवाय बिल होणार नाही, अपवाद नाही. एकदा वाचून बघितला आणि पाठवला. त्याची प्रत घेऊन ती मास्तरांच्या टेबलाशी गेली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि परत दिली.

"बरोबर लिहिलंय. पण हे तिथे, सगळ्यांसमोर म्हणायचं होतं. आता साहेब फोन करतील, दार लावून तुमच्याशी बोलतील, आणि आम्हाला काही कळणार नाही." मग तितक्याच थंडपणे, "माझा राजीनामा संध्याकाळी येईल. नोटिशीचा महिना पुरा करीन. काम अर्धवट टाकणारा माणूस नाही मी."

घरी लेकीच्या केसांतला गुंता सोडवता सोडवता तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

"अगं, पण शेवटी नाही म्हणालीस ना?" तो म्हणाला.

"म्हणाले. मागाहून, लिहून."

लेकीने मान वळवली. कंगवा केसांतच अडकून राहिला.

"आई, मग समोर का नाही म्हणालीस?"