दहा लिटरचा कॅन

बुन-र्ये आजींच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांतले आठशे मासे घेऊन प्यो गिल-सू पहाटे तोंगयोंगहून निघाला, तेव्हा आजी धक्क्यावर उभ्या होत्या. त्या उन्हाळ्यात समुद्र असा तापला होता की त्यांच्या निम्म्याहून जास्त माशांनी पोट वर केलं. उरले ते हेच. "हे जिवंत पोचले तर पुढच्या वर्षी पिल्लं सोडेन," त्या म्हणाल्या, "नाही तर पिंजरे उचलून ठेवते. वय झालं आता." एवढंच बोलून त्या घरात गेल्या. आजींना जास्त बोलायची सवय नव्हती, आणि गिल-सूला त्यापेक्षा जास्त ऐकायची गरजही नव्हती.

गाडीतल्या युरियाची कथा मात्र वेगळी होती. त्या वर्षी चीनने युरिया बाहेर पाठवणं जवळजवळ थांबवलं आणि नोव्हेंबरात सगळ्या कोरियातल्या डिझेलवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. या नव्या गाड्यांची तऱ्हा अशी की धुराच्या नळीत युरियाचं पाणी फवारायचं, तापून त्याचा अमोनिया होतो आणि तो धुरातल्या विषारी वायूचा साधा नायट्रोजन आणि वाफ करून टाकतो. डिझेलच्या शंभर लिटरमागे जेमतेम चार-पाच लिटर लागतं. पण तेवढं संपलं की गाडी रुसते. आधी दिवा, मग इंजिनची ताकद कमी, आणि शेवटी, एकदा बंद करून पुन्हा चालू केली की ताशी वीसच्या वर सरकतच नाही. डिझेलची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी.

गिल-सूच्या समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं कधीचीच आली होती. चढावर गाडी धापा टाकत होती. वाटेतल्या प्रत्येक पंपावर 'युरिया नाही' अशी पाटी. तरी तो निर्धास्त होता, कारण नियम त्याला पाठ होता: इंजिन बंद करायचं नाही, सोलच्या बाजारात पोचेपर्यंत.

सकाळी अकराला तो महामार्गावर गुमसान गावाच्या अलीकडच्या विश्रांतीच्या थांब्यावर शिरला. मासेवाल्यांना मध्ये एकदा टाक्या तपासाव्याच लागतात. त्याची तपासायची रीत सव्वीस वर्षांची होती: गाडी लावायची, टाकीला कान टेकायचा आणि बुडबुड्यांचा आवाज ऐकायचा. हवा सोडणारा पंप वेगळ्या बॅटरीवर चालतो, म्हणून आवाज नीट यावा यासाठी आधी इंजिन बंद करायचं.

आणि त्याने ते बंद केलं.

कान टाकीला लावून त्याने बुडबुडे ऐकले. छान, एकसारखे. मग लक्षात आलं, बुडबुड्यांशिवाय दुसरा आवाजच नाही.

"गाढवा," तो स्वतःलाच मोठ्याने म्हणाला, "अरे गाढवा!"

किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण गाडी वीसच्या पुढे जाईना. आवारातच दोन फेऱ्या मारून पाहिल्या, रडणाऱ्या मुलाला फिरवावं तशा. सोल अजून एकशे नव्वद किलोमीटर, म्हणजे साडेनऊ तास. महामार्गावर या वेगाने पोलीस तासभरही टिकू देणार नाहीत. आणि माशांच्या प्राणवायूच्या नळकांड्याचा काटा सांगत होता की दुपारी चारच्या पुढे तो पुरणार नाही.

शेजारी भंगार लोखंडाने भरलेला एक मोठा ट्रक उभा होता, इंजिन चालू ठेवून. खाली एक पन्नाशीची बाई कॅनमधली कॉफी पीत होती. तिने त्या दोन फेऱ्या पाहिल्या होत्या.

"काय दादा, बंद केली वाटतं?"

"बंद केली, ताई."

"पंचवीस-तीस वर्षं चालवत असाल, दिसतंय चेहऱ्यावर. नवशिके नाही करत असली चूक. त्यांना भीती असते ना."

गिल-सूला राग यायला हवा होता, पण रागालाही ताकद लागते. त्याने तिला माशांचं सांगितलं, आजींचं सांगितलं. आणि शेवटी विचारून टाकलं, "टाकीत नुसतं पाणी ओतलं तर?"

"ओता की. सेन्सर ओळखेल, गाडी वीसवरच राहील, आणि वर सगळी यंत्रणा धुवावी नाही तर बदलावी लागेल. एकाने शेतातलं खत कालवून ओतलं आमच्याकडे. फवाऱ्याचं तोंड दगडासारखं झालं."

तिने कॉफी संपवली. मग आपल्या गाडीत चढली आणि पांढरा कॅन घेऊन उतरली. दहा लिटरचा, न फोडलेला.

"सकाळी तीन तास रांगेत उभी राहिले याच्यासाठी. एका गाडीला एकच देत होते. माझाही दिवा लालच आहे, म्हणून तर बंद केली नाही; कॉफी पिऊन ओतणारच होते. निम्मं तुम्हाला, निम्मं मला."

गिल-सू नको नको म्हणतच टाकीचं झाकण उघडायला गेला. युरियाच्या त्या निळ्या झाकणाच्या टाकीत तिने पाच लिटर ओतले, कॅनवरच्या खुणेकडे बघत, एक थेंब न सांडता. किल्ली फिरवून दोघं पाच मिनिटं थांबली. लाल अक्षरं हलली नाहीत. आणखी पाच मिनिटं. तीच अक्षरं.

"एवढ्याने टाकीतला तरंगणारा गोळाच उचलला जात नाही," ती म्हणाली. "टाकीला पटायला हवं ना, भरलंय म्हणून."

"जाऊ द्या, ताई. हे काढून घेता येतं का बघू. नळी आहे माझ्याकडे."

"माशांच्या पाण्याची नळी? म्हणजे त्यात मीठ. सोडा ते."

तिने स्वतःच्या ट्रककडे पाहिलं. मग उरलेले पाच लिटरही ओतले आणि कॅन उलटा करून झटकला.

"अहो, तुमचं काय?"

"माझं लोखंड. ते परवाही लोखंडच असेल. तुमच्या माशांचं तसं नाही."

तीन मिनिटांनी लाल अक्षरं गेली. गिल-सूने गाडी सुरू केली, आवारात वीसच्या वर नेली, तीसच्या वर नेली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली उतरून तो तिच्यासमोर कमरेत पार वाकला. पाकीट काढलं तर तिने हात झिडकारला. दोन मासे देऊ केले.

"ते तुमचे आहेत का? आजींचे आहेत. निघा आता, नमस्कार घालत बसलात तर इथेच मरतील."

तिच्या ट्रकच्या काचेमागे, तिकडे सगळ्यांच्या गाडीत असते तशी, फोन नंबरची पट्टी होती. त्याने तो उतरवून घेतला. निघताना आरशात त्याला दिसलं, तिने आपलंही इंजिन बंद केलं, ट्रक तिथेच सोडला, पिशवी उचलली आणि मागच्या कुंपणाच्या फाटकातून खालच्या गावातल्या बसथांब्याकडे चालू लागली.

अडीचच्या सुमाराला सोलच्या बाजारात झाकणं उघडली. आठशेच्या आठशे पाण्यात फिरत होते. गिल-सू हौदाच्या कडेला बसला आणि आजींना फोन लावला.

"सगळे?" आजींनी विचारलं.

"सगळे."

मग आजी त्याचे आभार मानू लागल्या, आयुष्यात मानले नसतील एवढे. त्याला ते सहन होईना. "आजी, मी नाही. मी तर मारलेच होते त्यांना," असं म्हणून त्याने झालेलं सगळं सांगितलं आणि तो नंबर दिला.

मग त्याने स्वतः त्या नंबरवर फोन लावला. लाइन व्यस्त. दहा मिनिटांनी व्यस्त. अर्ध्या तासानेही व्यस्त. अखेर लागला, तेव्हा त्याने पाठ केलेलं आभाराचं वाक्य बोलायच्या आतच पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"दादा, काय आजी आहेत हो तुमच्या! मी बसमध्ये आहे, लोक बघताहेत माझ्याकडे, आणि त्या फोन ठेवतच नव्हत्या. वसंतात पिल्लं सोडायला या म्हणाल्या." तिने पुन्हा नाक ओढलं. "मी हो म्हटलंय."